दहावी मराठीतून, अकरावी इंग्रजीतून: सहा आठवड्यांचा शब्दांचा ब्रिज कोर्स

माझी दहावी दिंडोरी तालुक्यातल्या मराठी शाळेत झाली आणि अकरावी सायन्स नाशिकच्या कॉलेजात. पहिल्या युनिट टेस्टला फिजिक्समध्ये 25 पैकी 6 मार्क पडले. दहावीला विज्ञानात पहिल्या तिघांत असलेला मुलगा 6 मार्कांवर येतो तेव्हा घरचे म्हणतात, शहराचं वारं लागलं. कारण वेगळंच होतं. पेपरात ‘इन्सिडंट रे’ असं लिहिलं होतं. इन्सिडंट म्हणजे घटना, एवढंच मला माहीत. आपाती किरण मी डोळे मिटून काढला असता, पण समोर विचारलंय ते आपाती किरणाबद्दल, हेच कळलं नाही.

गेल्या वर्षी माझी भाची त्याच वाटेने निघाली. तिच्यासोबत सुट्टीत सहा आठवडे जे केलं ते इथे क्रमाने मांडतो आहे. दहावीपर्यंत सगळं मराठीतून शिकून अकरावी सायन्सला जाणाऱ्यांसाठी हे आहे. सेमी इंग्रजीवाल्यांचं गणित-विज्ञान आधीच इंग्रजीत झालेलं असतं, त्यांना याची गरज फारशी पडणार नाही. कॉमर्सची शब्दसंपत्ती वेगळी, तिचा मला अनुभव नाही.

1. आधी सामान जमवा

फार काही लागत नाही.

- दहावीची मराठी माध्यमाची पुस्तकं: विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 व 2, गणित भाग 1 व 2. निकाल लागला की ही कुणाला देऊन टाकू नका, रद्दीत तर मुळीच घालू नका.
- तीच चार पुस्तकं इंग्रजी माध्यमाची. बालभारतीच्या books.ebalbharati.in या साइटवर मिळतात. शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाची जुनी छापील प्रत मिळाली तर फारच छान, कारण पुस्तक हातात असलं की पेन्सिलीने खुणा करता येतात.
- अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक. बाकीची कॉलेज सुरू झाल्यावर घेतली तरी चालतील.
- 200 पानी एक वही. सुटे कागद नकोत.
- shabdakosh.marathi.gov.in ही साइट. इथे शासनाचे परिभाषा कोश आहेत. इंग्रजी शब्द टाकला की विषयानुसार मराठी पर्याय दिसतात.

प्रवेशाची कागदपत्रं वेगळी, ती कॉलेज सांगेलच. ऑनलाइन अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना मात्र शाखा, माध्यम आणि अनुदानित की विनाअनुदानित, हे तिन्ही नीट वाचून घ्या. विज्ञान शाखा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवतात. ‘कॉलेजात सर मराठीत समजावतात’ हे ऐकून गाफील राहू नका. समजावत असतीलही, पेपर इंग्रजीतच असतो.

‘नीटची परीक्षा मराठीतून देता येते, मग कशाला ही मेहनत’ असंही कुणीतरी म्हणतंच. देता येते, खरं आहे. पण दोन वर्षं ‘रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स’ वाचून परीक्षेत ‘अपवर्तनांक’ समोर आला की तोही परका वाटू लागतो. कुठल्याही भाषेत परीक्षा दिली तरी दोन्ही नावं डोक्यात एका जागी बसलेली हवीत.

2. अकरावीपासून नव्हे, दहावीपासून सुरुवात करा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मुलं उत्साहाने अकरावीचं पुस्तक उघडतात. तिथे आशयही नवा आणि भाषाही नवी, त्यामुळे अडतंय ते नक्की कशाने हेच समजत नाही. चार दिवसांत पुस्तक मिटतं.

त्यापेक्षा जो धडा मराठीत पक्का येतो, तोच इंग्रजीत वाचा. दोन्ही माध्यमांच्या पुस्तकांत धडे त्याच क्रमाने आहेत आणि आकृत्याही त्याच. सूत्रं तर अक्षरशः सारखी, कारण मराठी पुस्तकातही आपण v = u + at असंच लिहीत आलो. आशय ओळखीचा असल्यामुळे सगळं लक्ष शब्दांवर राहतं.

मराठी विज्ञानाच्या पुस्तकात बऱ्याच शब्दांपुढे कंसात इंग्रजी शब्द दिलेला असतो. दहावीला ते कंस आपण डोळ्याआड करतो, कारण परीक्षेत ते कोणी विचारत नाही. आता पहिलं काम तेच: रोजच्या धड्यातले कंसातले शब्द शोधून पेन्सिलीने गोल करायचे.

सहा आठवड्यांची वाटणी आम्ही अशी केली. पहिला आठवडा प्रकाशाचे अपवर्तन आणि भिंगे. दुसरा गुरुत्वाकर्षण आणि उष्णता. तिसरा आवर्ती वर्गीकरण आणि रासायनिक अभिक्रिया. चौथा भाग 2 मधले पहिले तीन धडे, म्हणजे आनुवंशिकता आणि जीवनप्रक्रिया. पाचवा अकरावीच्या फिजिक्समधलं एकक आणि मापनाचं प्रकरण. सहावा फक्त ऐकणं आणि लिहिणं. रोज पाऊण तास, आठवड्यातले सहा दिवस, दिवसाला जास्तीत जास्त 8 नवे शब्द. भाचीने पहिल्या दिवशी 30 शब्द लिहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यातले 5 सांगता आले. त्यानंतर आठाचा नियम तिनेच घातला.

3. वहीत चार रकाने आखा

दोन रकान्यांची वही, म्हणजे डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी, सगळेच करतात. ती पाठ होते, पण उपयोगी पडत नाही. चार रकाने करा: मराठी शब्द, इंग्रजी शब्द स्पेलिंगसह, त्या शब्दाचं पुस्तकातलं एक इंग्रजी वाक्य, आणि आकृती किंवा सूत्र.

तिसरा रकाना टाळण्याचा मोह होतो, कारण वाक्य उतरवायला वेळ जातो. पण शब्द कुणाच्या संगतीने येतो हे त्या वाक्यातच दिसतं. किरण ‘बेंड’ होतो, उष्णता ‘अ‍ॅब्सॉर्ब’ होते, बल ‘अ‍ॅक्ट’ करतं, विद्युतधारा ‘फ्लो’ होते. नुसतं ‘फोर्स म्हणजे बल’ पाठ करणाऱ्याला उत्तर लिहिताना त्या बलाने करायचं काय ते सुचत नाही.

स्पेलिंगचंही तिथल्या तिथे बघा. आपण ऐकून लिहितो आणि मराठीत जसं ऐकू येतं तसंच लिहिण्याची सवय असते. इंग्रजीत ती नडते. शब्दाचे तुकडे पाडून मोठ्याने म्हणत तीनदा लिहिला की बसतो.

4. एक धडा पूर्ण करून बघू: प्रकाशाचे अपवर्तन

हा धडा पहिला घेतला त्याला घरचं कारण होतं. आमच्याकडे द्राक्षबाग आहे. तोडणी जवळ आली की वडील खिशातून छोटी दुर्बिणीसारखी नळी काढतात, मण्याचा रस तिच्या काचेवर टाकतात, झाकण लावतात आणि उजेडाकडे धरून आत बघतात. ‘अठरा आला’ म्हणतात, म्हणजे अठरा ब्रिक्स, रसातल्या साखरेचं माप. त्या नळीला सगळा तालुका ‘रिफ्रॅक्टोमीटर’ म्हणतो. भाचीने तो शब्द हजार वेळा ऐकलेला. अपवर्तनाचा धडा उघडला आणि म्हणाली, “मामा, हे रिफ्रॅक्शन म्हणजे आजोबांच्या मशीनमधलंच ना?” तेच. रसात साखर जास्त असली की त्याचा अपवर्तनांक वाढतो, किरण जास्त वळतो, आणि आतली सावलीची रेघ वरच्या आकड्यावर दिसते. अपवर्तनांक म्हणजे रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स हे तिला पाठ करावं लागलंच नाही.

बागायतदाराच्या घरात असे शब्द पुष्कळ सापडतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, ठिबकच्या पाण्याचा पीएच, घडांना दिलेलं ‘जीए’ म्हणजे जिबरेलिन गटातलं वनस्पती संप्रेरक. घरी इंग्रजी नाव आधीच बोललं जातं, आणि शाळेत मराठी नाव शिकलेलं असतं. फक्त दोघांची गाठ घालून द्यायची.

आता धड्यातले फसवे शब्द बघा. अवघड दिसणारे शब्द फसवत नाहीत, ‘टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन’ दिसलं की माणूस आपोआप थांबतो. आधीपासून माहीत असल्यासारखे वाटणारे शब्द फसवतात. या एकाच धड्यात असे चार निघाले.

‘इन्सिडंट रे’ म्हणजे आपाती किरण. घटनेशी संबंध नाही. येऊन पडणारा, इतकंच.

‘नॉर्मल’ म्हणजे स्तंभिका. नेहमीचा, साधा, ठीकठाक असा अर्थ इथे नाही. पृष्ठभागाला 90 अंशात उभी केलेली रेषा.

‘रेअरर मीडियम’ म्हणजे विरल माध्यम. रेअर म्हणजे दुर्मिळ हे आपल्याला ठाऊक, म्हणून मुलं ‘क्वचित सापडणारं माध्यम’ असा अर्थ लावतात. हवा कुठे क्वचित सापडते? उलट ‘डेन्सर’ म्हणजे घन.

‘मीडियम’ म्हणजे माध्यम. भाचीने विचारलं, “मराठी मीडियममधलं मीडियम?” शब्द तोच, पण इथे प्रकाश ज्यातून जातो तो पदार्थ. आणि त्याचं अनेकवचन ‘मीडिया’. पुस्तकात ‘टू मीडिया’ दिसलं की टीव्ही आणि वर्तमानपत्रं आठवू द्यायची नाहीत.

या शब्दांसमोर वहीत लाल टिंब द्या. मोबाइलवरच्या साध्या शब्दकोशात यांचे रोजच्या वापरातले अर्थ आधी येतात आणि तिथेच गफलत होते. परिभाषा कोशात विषयापुढचा अर्थच घ्यायचा.

आता एक गणित. दहावीच्या तोडीचं आहे, आम्ही इंग्रजीत मांडलं. मराठीत त्याचा मतलब असा: एक प्रकाशकिरण हवेतून 1.73 अपवर्तनांकाच्या माध्यमात शिरतो. तो पृष्ठभागाशी 30 अंशांचा कोन करतो. अपवर्तन कोन किती?

इंग्रजीत शेवट असा होता: ‘मेक्स अ‍ॅन अँगल ऑफ थर्टी डिग्रीज विथ द सरफेस’. भाचीने i = 30 धरलं आणि पुढे गेली.

```
sin r = sin 30 / 1.73 = 0.5 / 1.73 = 0.289
r = 17 अंश (सुमारे)
```

कॅल्क्युलेटरने आकडा दिला म्हणून तिला उत्तर बरोबर वाटलं. पण आपाती कोन मोजतात स्तंभिकेपासून, पृष्ठभागापासून नाही. पृष्ठभागाशी 30 म्हणजे स्तंभिकेशी 60.

```
sin r = sin 60 / 1.73 = 0.866 / 1.73 = 0.5
r = 30 अंश
```

सूत्र तिला येत होतं. चूक झाली ती ‘विथ द सरफेस’ या तीन शब्दांत. मराठीत ‘पृष्ठभागाशी 30 अंशांचा कोन’ म्हणताना पृष्ठभाग आधी येतो आणि आकडा नंतर, त्यामुळे आकडा वाचेपर्यंत तो कशाशी आहे हे कळलेलं असतं. इंग्रजीत आकडा आधी येतो आणि तो कशाशी हे शेवटी. आकडा दिसला की मूल वाचणं थांबवतं. यावर उपाय एकच: आकड्याभोवती गोल करायचा आणि त्याच्यापुढचे चार-पाच शब्द अधोरेखित करायचे. मगच गणित मांडायचं. पहिले दोन आठवडे मी तिला अधोरेखनाशिवाय पेनच उचलू दिलं नाही.

5. ‘ऑफ’ची साखळी उलटी वाचायला शिका

मला स्वतःला हे कोणी सांगितलं असतं तर सहा महिने वाचले असते.

त्वरणाची व्याख्या घ्या. मराठीत: वेगाच्या बदलाचा दर. इंग्रजीत: ‘रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी’. शब्द तीनच, पण क्रम नेमका उलटा. आपण वेगापासून सुरू करून दरावर येतो, इंग्रजी दरापासून सुरू करून वेगावर जाते. म्हणून ‘ऑफ’ दिसला की शेवटच्या शब्दाकडे जायचं आणि तिथून ‘चा, ची, चे’ लावत मागे यायचं. व्हेलॉसिटीच्या चेंजचा रेट. झालं.

स्नेलचा नियम इंग्रजीत वाचला तर पाच ‘ऑफ’ एकापाठोपाठ येतात: ‘द रेशो ऑफ साइन ऑफ द अँगल ऑफ इन्सिडन्स टू साइन ऑफ द अँगल ऑफ रिफ्रॅक्शन’. आधी ‘टू’ला गोल करा, म्हणजे वाक्य दोन भागांत तुटतं. ‘टू’च्या आधीचं अंशात, नंतरचं छेदात. मग प्रत्येक भाग उलटा वाचा. आपाती कोनाचं साइन भागिले अपवर्तन कोनाचं साइन. वाक्यातून सूत्र बाहेर येतं:

```
n = sin i / sin r
```

याच जातीचा गणितातला सापळा वजाबाकीचा आहे. आपण म्हणतो ‘आठातून तीन वजा करा’, आणि 8 − 3 लिहितो. इंग्रजीत ‘सबट्रॅक्ट थ्री फ्रॉम एट’. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारा 3 − 8 लिहून मोकळा होतो. बीजगणितात ही चूक चिन्हात जाऊन बसते आणि मग पानभर सापडत नाही. ‘फ्रॉम’ ऐकला की त्याच्यापुढची संख्या आधी लिहायची, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात.

‘इन्व्हर्सली प्रपोर्शनल टू द स्क्वेअर ऑफ द डिस्टन्स’ हाही तसाच फोडा: अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. गुरुत्वाकर्षणाचा धडा पूर्ण होईपर्यंत हे वाक्य दहा वेळा येतं, तेवढ्याने ते पाठच होतं.

6. एका शब्दाची अनेक घरं

मराठी परिभाषेने ज्याला वेगवेगळी नावं दिली, त्यांना इंग्रजीत बऱ्याचदा एकच नाव असतं. ‘सेल’ जीवशास्त्रात पेशी आणि विजेच्या धड्यात विद्युत घट. ‘पॉवर’ भौतिकशास्त्रात शक्ती, भिंगाच्या धड्यात भिंगाची शक्ती, गणितात घात. ‘सोल्यूशन’ रसायनात द्रावण आणि समीकरणात उकल. ‘पीरियड’ आवर्तसारणीत आवर्त, दोलनात आवर्तकाल, आणि वेळापत्रकात तास. ‘डिग्री’ कोनाचा अंश आणि बहुपदीची कोटी. ‘बेस’ त्रिकोणाचा पाया आणि रसायनात आम्लारी.

मराठीत शिकलेल्या मुलाला इथे खरं तर फायदा आहे, हे मी भाचीला आवर्जून सांगितलं. द्रावण आणि उकल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला नावावरूनच माहीत आहे. तिने फक्त विषय कोणता चालू आहे ते बघून कुठलं मराठी नाव लागू होतं ते ठरवायचं. वहीत शेवटची दहा पानं अशा शब्दांसाठी राखून ठेवा: वर एक इंग्रजी शब्द आणि खाली विषयानुसार त्याचे मराठी अर्थ.

उलटाही प्रकार आहे. बोलण्यात आपण ‘वेग’ कशालाही म्हणतो, पुस्तकात मात्र चाल म्हणजे स्पीड आणि वेग म्हणजे व्हेलॉसिटी. वजन आणि वस्तुमान यांचं तेच. दहावीला ज्यांनी हे फरक घाईत उरकले त्यांची अडचण इथे वर येते. ती इंग्रजीची नाही, मूळचीच आहे. त्यावर इलाज मराठी पुस्तकातच करायचा आणि मग पुढे जायचं.

7. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र: तुकडे जोडून शब्द

जीवशास्त्राचे शब्द लांबलचक असतात म्हणून घाबरायला होतं. पण ते मराठीसारखेच जोडशब्द आहेत. ‘प्रकाशसंश्लेषण’ मध्ये जसं प्रकाश आणि संश्लेषण दिसतं, तसंच ‘फोटो’ आणि ‘सिंथेसिस’. ‘लिसिस’ म्हणजे तुटणं: इलेक्ट्रोलिसिस विद्युत अपघटन, हायड्रोलिसिस पाण्याने होणारं अपघटन. ‘सायटो’ पेशीचं, ‘कॅरिओ’ केंद्रकाचं, ‘कायनेसिस’ हालचाल. मग कॅरिओकायनेसिस म्हणजे केंद्रकाचं विभाजन आणि सायटोकायनेसिस म्हणजे पेशीद्रव्याचं, हे पाठ न करता लक्षात राहतं. ‘एक्सो’ बाहेर, ‘एंडो’ आत: एक्सोथर्मिक उष्मादायी, एंडोथर्मिक उष्माग्राही. असे 20-25 तुकडे पुरतात. त्यांचं एक वेगळं पान करा.

मायटोसिस आणि मायोसिस या जोडीला मात्र तुकड्यांनी मदत होत नाही. कानाला दोन्ही सारखे वाटतात. पहिलं सूत्री, दुसरं अर्धगुणसूत्री. यांच्या आकृत्या शेजारी शेजारी काढून खाली नावं लिहा, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

प्रयोगशाळेतली नावं पहिल्याच प्रॅक्टिकलला लागतात. चंचुपात्र म्हणजे बीकर, परीक्षानळी टेस्ट ट्यूब, शंकूपात्र कॉनिकल फ्लास्क, नरसाळं फनेल, लघुतम माप लीस्ट काउंट. अर्ध्या तासाचं काम आहे, पण केलं नाही तर ‘कॉनिकल घे’ म्हटल्यावर ट्रेसमोर उभं राहून बघत बसावं लागतं. मी बसलोय.

8. प्रश्नातली क्रियापदं

उत्तर येत असूनही मार्क जातात ते इथे. ‘स्टेट’ म्हणजे नियम जसाच्या तसा लिहा, स्पष्टीकरण नको. ‘डिफाइन’ म्हणजे व्याख्या. ‘डिराइव्ह’ आणि ‘ऑब्टेन अ‍ॅन एक्स्प्रेशन फॉर’ दोन्हींचा अर्थ सूत्र पायरीपायरीने काढा. ‘डिस्टिंग्विश बिटवीन’ म्हणजे फरक स्पष्ट करा, त्यासाठी मध्ये रेघ मारून दोन बाजू समोरासमोर. ‘हेन्स’ म्हणजे आत्ता जे काढलं त्याचाच वापर करून पुढचं काढा. ‘हेन्स’कडे दुर्लक्ष करून नव्या पद्धतीने उत्तर काढलं तर बरोबर असूनही मार्क कापले जाण्याची भीती असते.

दहावीच्या मराठी प्रश्नपत्रिकेतले ‘शास्त्रीय कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’ घ्या आणि त्याच प्रश्नांची इंग्रजी माध्यमाची प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा. एका बैठकीत सगळी क्रियापदं जुळतात.

9. कान तयार करा

वाचून आलेला शब्द ऐकून ओळखता येईलच असं नाही. पाचव्या आठवड्यात भाचीची वही छान भरली होती. मी वहीतलेच शब्द नुसते उच्चारून मराठी विचारलं तर दहातले चार अडले. ‘लेटंट हीट’ तिने वाचताना मनात ‘लॅटेंट’ म्हटलेलं, म्हणून कानाला तो नवाच शब्द. तेव्हापासून रोज दहा मिनिटं मी बोलायचो, ती न बघता लिहायची.

संख्याही ऐकायला लागतात. ‘सेव्हंटी नाइन’ ऐकून एकोणऐंशी लिहायला तिला क्षणभर जास्त लागायचा, आणि तेवढ्यात सर पुढच्या पायरीवर गेलेले असतात. आपण एकक आधी बोलतो, पंच-वीस. इंग्रजीत दशक आधी. शंभरातल्या संख्या उलटसुलट विचारा. मग 6.67 × 10⁻¹¹ सारख्या संख्या बोलून लिहायला द्या: ‘सिक्स पॉइंट सिक्स सेव्हन इनटू टेन रेज्ड टू मायनस इलेव्हन’. थीटा, लॅम्डा, म्यू, डेल्टा या अक्षरांचे आकार आणि नावंही इथेच उरकून घ्या.

10. जमलं की नाही हे कसं ओळखायचं

शब्दांची घोकलेली यादी म्हणून दाखवली तर फसगत होते. मी दोन कसोट्या लावल्या.

पहिली: पुस्तकातली आकृती नावं झाकून समोर ठेवायची आणि ती मराठीतच समजावून सांगायची, फक्त संज्ञा इंग्रजी. ‘किरण रेअरर मीडियमकडून डेन्सर मीडियममध्ये जाताना नॉर्मलकडे झुकतो’ असं न अडखळता म्हणता आलं की धडा झाला. ही मिश्र भाषा ऐकून आमच्या मास्तरांनी नाक मुरडलं असतं, पण या टप्प्यावर हीच भाषा हवी. अस्खलित इंग्रजी बोलण्याच्या मागे लागलेलं मूल आशय सोडून व्याकरणाशी झगडत बसतं.

दुसरी: पाठ केलेल्या व्याख्येतला एक शब्द बदलून विचारायचं. किरण घनातून विरलमध्ये गेला तर? पाठांतर असेल तर मूल तीच व्याख्या पुन्हा म्हणतं. समज असेल तर ‘नॉर्मलपासून दूर’ असं उत्तर येतं, तुटक इंग्रजीत का होईना.

आठ शब्दांतले सहा दुसऱ्या दिवशी आणि पाच आठवड्यानंतर आठवत असतील तर गती ठीक आहे. त्याहून कमी असतील तर नवे शब्द दोन दिवस बंद, जुनेच फिरवा.

या सहा आठवड्यांत साधारण अडीचशे शब्द होतात. अकरावीला याच्या कितीतरी पट शब्द येतात, त्यामुळे कॉलेज सुरू झाल्यावर वही बंद करायची नाही. तासाला जो शब्द अडला तो वहीच्या मागच्या पानावर फक्त ऐकला तसा मराठीत टिपून ठेवायचा, स्पेलिंग शोधत तास घालवायचा नाही. संध्याकाळी घरी बसून चार रकाने भरायचे.

भाची आता बसमधून घरी येताना ते पान काढते. दिवाळीच्या आधी एकदा तिचा दिंडोरी बसमधूनच फोन आला.

“मामा, फील्ड म्हणजे क्षेत्र ना? मग एरिया काय?”

“एरिया म्हणजे क्षेत्रफळ. आणि फील्डला लाल टिंब दे, नाहीतर शेत समजशील.”

“दिलंय. आधी शेतच लिहिलं होतं.”